नोटीस बोर्डावर न लागणाऱ्या जागा

औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत क्यूसीत, नवीन मुलांसाठी जागा कशी तयार होते हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. लॅबमध्ये चाळीसेक माणसं असतात. त्यातला कोणीतरी दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून दुसऱ्या कंपनीत जातो. तो राजीनामा देतो तेव्हा त्याच्या हातात महिना-दोन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो. त्याच्या जागी कोणी अनुभवी मिळाला तर घेतात, नाहीतर आतल्याच कोणाला वर सरकवतात आणि अगदी खालची जागा रिकामी होते. ती जागा नुकत्याच बीएस्सी झालेल्या मुलाची किंवा मुलीची. अशी एक किंवा दोन जागा भरायला कोणतीही कंपनी बस भरून माणसं घेऊन कॉलेजात येत नाही. एचआरवाले जुन्या अर्जांची फाइल उघडतात, सेक्शन हेडना विचारतात, "कोणी ओळखीचं आहे का?", कंत्राटदाराला फोन लावतात, आणि जागा चार-सहा जमल्या की एखाद्या शनिवारी-रविवारी वॉक-इन लावतात.

कॅम्पस प्लेसमेंटचं गणित वेगळं आहे. एकदम पन्नास-शंभर माणसं हवी असतात, ती जुलैत रुजू झाली तरी चालतं, आणि एका दिवसात शंभर-दोनशे मुलं एका छताखाली भेटली पाहिजेत. हे गणित इंजिनिअरिंग कॉलेजात बसतं. सत्तरी, डिचोली, पेडणे, केपे, काणकोण इथल्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला जेमतेम एका वर्गाची मुलं असतात. तिथे कंपनी आली नाही म्हणजे मुलांची किंमत कमी असं मुळीच नाही. पण मुलं तसंच समजतात. एप्रिलपर्यंत बोर्डावर नोटीस लागली नाही की "आमच्या कॉलेजात काही येतच नाही" असं म्हणत सरकारी भरतीच्या फॉर्मची वाट बघत बसतात. रोजगार केंद्राचं कार्ड जरूर काढावं, सरकारी जागेला ते लागतंच. पण तेवढ्यावर थांबलं की ज्या काळात खासगी लॅबमध्ये खालच्या जागा रिकाम्या होतात तो काळ हातचा निघून जातो.

तो काळ ओळखता येतो. वार्षिक पगारवाढ हातात पडली की त्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात राजीनामे येतात. दिवाळीचा बोनस झाला की पुन्हा येतात. एखाद्या कंपनीने नवीन ब्लॉक सुरू केला किंवा परदेशी तपासणीची तारीख जवळ आली की लॅबला माणसं कमी पडायला लागतात. गोव्यात हे सगळं मी वेर्ण्याच्या एका प्लांटच्या क्यूसीत बसून बघत आले आहे. गेली काही वर्षं वॉक-इनच्या टेबलावर पलीकडच्या बाजूलाही बसते आहे. म्हणून हा लेख फक्त एवढ्यापुरताच लिहिते आहे: केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक असं काही शिकलेल्या, गावाकडच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीने लॅबमधली पहिली जागा कशी शोधावी.

उदाहरण माझ्या भाचीचं घेते. वाळपईच्या पुढच्या एका गावात राहते. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, टक्के साठच्या आसपास. निकाल लागल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मावशी, वेर्ण्याला कोणाकोणाला अर्ज करू?"

मी तिला म्हटलं, "अगो, वेर्णा राहू दे. आधी तुझ्या बसच्या वाटेवर काय काय आहे ते बघ."

गोव्यात औषधनिर्मिती म्हटली की सगळ्यांना वेर्णाच आठवतं, आणि ते बरोबरही आहे. सिप्ला, ल्युपिन, इंडोको अशी मोठी नावं तिथे आहेत. पिळर्ण्याला युनिकेम आहे, कोलवाळला ग्लेनमार्क आहे. पण वाळपईहून रोज वेर्णा म्हणजे पणजीला उतरून दुसरी बस, आणि पहिली पाळी गाठायची तर घरातून पहाटे काळोखात निघावं लागेल. उलट तिच्या वाटेवर होंडा आणि पिसुर्ले इथे औद्योगिक वसाहती आहेत. उसगावला एमआरएफचा टायरचा कारखाना आहे आणि नेस्लेचाही कारखाना आहे. डिचोलीकडे वळलं तर मावळिंग्याला नेस्लेचा दुसरा. फोंड्याच्या बाजूला बेतोडा, कुंडई, मडकई या वसाहती, त्यातल्या कुंडई-मडकईत औषधांचे कारखाने. कुर्टीला गोवा डेअरी. यातल्या प्रत्येक ठिकाणी काही ना काही तपासणारी लॅब आहे. दुधाचा फॅट बघणारी असेल, रबराच्या मिश्रणाची चाचणी करणारी असेल, सांडपाण्याचा सीओडी काढणारी असेल. बीएस्सी केमिस्ट्रीला या सगळ्या चालतात. एके काळी आमच्या भागातली केमिस्ट्रीची मुलं खाणींच्या लॅबमध्ये खनिजातलं लोह, सिलिका, अॅल्युमिना मोजायला लागायची. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आणि ती सवयीची वाट मोडली. आता काही खाणपट्टे सुरू झाले आहेत, तेव्हा तिकडेही विचारायला हरकत नाही. पण सगळा भार त्यावर टाकू नये.

भाचीने एका वहीत वसाहतीनुसार कंपन्या लिहून काढल्या. वसाहतीच्या प्रवेशद्वारावर बहुतेक ठिकाणी फलक असतात, त्यावरून नावं मिळतात. नकाशावर शोधलं तरी मिळतात. प्रत्येक नावापुढे तिने तीनच रकाने केले: तिथे लॅब आहे का, आपल्या कॉलेजचं कोणी तिथे आहे का, कंपनीची बस कुठून सुटते. तिसरा रकाना लोक सोडून देतात. गोव्यात बरेच मोठे प्लांट म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव इथून कामगारांसाठी बस चालवतात. ती बस साखळी किंवा उसगावपर्यंत येते की नाही यावर एखादी नोकरी परवडणार की नाही हे ठरतं. दुसऱ्या रकान्यासाठी तिने तिच्या केमिस्ट्रीच्या बाईंना विचारलं. बाईंना गेल्या पाच-सहा बॅचची मुलं कुठे कुठे लागली ते तोंडपाठ होतं. कोणी त्यांना आजवर विचारलंच नव्हतं, एवढंच.

गेटवर अर्ज द्यावा का, असं मुलं विचारतात. लहान आणि मध्यम कंपन्यांत द्यावा. तिथे सुरक्षारक्षक अर्ज आत पाठवतो आणि एचआरला एकच माणूस असतो, तो बघतो. मोठ्या कंपनीत गेटवरचा अर्ज बहुधा खोक्यात पडून राहतो. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा आणि आतल्या माणसाकडून तो अर्ज केल्याचं कळवावं. आतल्या माणसाने सांगितलं म्हणून नोकरी मिळते असा समज आहे, तो खरा नाही. आतला माणूस एवढंच करू शकतो की अर्ज उघडला जाईल. पुढे टेबलासमोर बसायचं ते आपल्यालाच.

अर्जाबद्दल एकच सांगते. वॉक-इनला दिवसभरात कितीतरी बायोडेटा माझ्या हातातून जातात, आणि बहुतेकांवर वरच्या ओळीत ध्येय लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. मी बघते ते शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्ट. भाचीने आधी लिहिलं होतं, "प्रोजेक्ट: पाण्याचं विश्लेषण." मी तिला विचारलं, नेमकं काय केलंस? तिने सांगितलं की गावातल्या चार विहिरींच्या पाण्याची कठीणता ईडीटीए टायट्रेशनने काढली, क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने काढलं, पीएच मीटर बफरने कॅलिब्रेट करून घेतला. मग हेच लिही ना! लॅबवाल्याला त्या तीन वाक्यांत कळतं की या मुलीने ब्युरेट हातात धरलं आहे.

आता वॉक-इनच्या टेबलावर काय होतं ते.

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी सोल्युशन तयार करण्याचा असतो. मी विचारते: एक लिटर 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड करायचं आहे, कसं कराल? मुलं सूत्र सांगतात आणि थांबतात. सूत्रापुढे जायचं असतं. बाटलीतलं तीव्र अॅसिड साधारण 12 नॉर्मल. म्हणजे 0.1 गुणिले 1000 भागिले 12, उत्तर 8.3 मिलिलिटर. प्रत्यक्षात साधारण 8.5 घेतात. आधी फ्लास्कमध्ये पाणी, मग अॅसिड, थंड झाल्यावर खुणेपर्यंत पाणी. इतकं सांगणारी मुलं मिळतात. त्यानंतर मी विचारते, मग बाटलीवर 0.1 नॉर्मल असं लिहू का? इथे गाडी अडते. लिहायचं नाही, कारण तीव्र अॅसिडची वाफ होते, त्याची ताकद नेमकी किती ते कोणालाच ठाऊक नसतं. आधी कोरड्या सोडियम कार्बोनेटसमोर टायट्रेट करून खरी नॉर्मॅलिटी काढायची, जी येईल ती लिहायची, सोबत तारीख, कोणी केलं आणि कधीपर्यंत वापरायचं ते. हे स्टँडर्डायझेशन प्रत्येकाने दुसऱ्या वर्षाला केलेलं असतं. पण ते कशासाठी करतो, हे कोणी विचारलेलं नसतं.

दुसरी गोष्ट मी कागदावर करून बघते. उमेदवाराला एक कोरा कागद देते आणि वजनाचा आकडा लिहायला सांगते, समजा 0.5012 ग्रॅम. मग म्हणते, चुकलं, 0.5021 आहे, दुरुस्त करा. नव्वद टक्के हात आधीच्या आकड्यावरच पेन फिरवतात, एकाचा दोन करतात, किंवा गिरवून गिरवून काळं करतात. औषधाच्या लॅबमध्ये हे चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, आणि का बदललं ते दोन शब्दांत. व्हाइटनर लॅबच्या दारातून आत येत नाही. तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा हेच बघतो, कारण खोडलेला आकडा म्हणजे लपवलेला आकडा अशी त्याला शंका येते आणि ती रास्त असते. ज्या मुलीला हे आधीच ठाऊक आहे तिला मी मनातल्या मनात पुढे सरकवते. शिकायला काही पैसे लागत नाहीत. कॉलेजच्या जर्नलमध्ये आजपासून असंच लिहायला सुरुवात केली की सवय लागते.

एचपीएलसी कॉलेजात नसतं, किंवा असलं तर कपाटासारखं कुलूपबंद असतं. त्यामुळे फ्रेशरला ते चालवता यावं अशी अपेक्षा आम्ही ठेवत नाही. सी-18 कॉलम म्हणजे काय, मोबाइल फेज 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात, त्यातली हवा का काढतात, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरी पुष्कळ. बाहेर हजारो रुपये घेऊन एचपीएलसीचे कोर्स चालवतात. ज्या कोर्समध्ये स्वतःच्या हाताने इंजेक्शन देऊन क्रोमॅटोग्राम काढायला मिळत नाही त्याला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

महिनाभरात भाचीकडे तीन ठिकाणची बोलावणी आली. इथून पुढे खरा घोळ असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली वेर्ण्याच्या एका मोठ्या नावाच्या प्लांटमधली, पण कंत्राटदारामार्फत. काम पॅकिंगमध्ये. हातात साधारण चौदा हजार येणार होते. दुसरी कुंडईच्या एका मध्यम कारखान्यातली, क्यूसीत, एक वर्षाची अप्रेंटिसशिप. विद्यावेतन नऊ हजार, दुपारचं जेवण कँटीनमध्ये, बस फोंड्याहून. तिसरी एका छोट्या अन्नपदार्थ तपासणाऱ्या लॅबची. पगार मधला, पण तिथे अपॉइंटमेंट लेटर द्यायला टाळाटाळ चालली होती.

घरात सगळ्यांचं मत पहिलीकडे. नाव मोठं, पैसे जास्त. माझं मत दुसरीकडे होतं आणि त्यामागे एकच कारण होतं. पहिल्या नोकरीत कंपनीपेक्षा डिपार्टमेंट बघायचं. पॅकिंगमध्ये ब्लिस्टरची पानं मोजत एक वर्ष गेलं की पुढच्या वॉक-इनला सेक्शन हेड विचारतो, "लॅबमध्ये काय केलंत?" आणि उत्तर नसतं. मोठ्या नावाचा शर्ट अंगावर असला तरी क्यूसीसाठी ती मुलगी पुन्हा फ्रेशरच, फक्त वर्षभराने मोठी झालेली. पॅकिंगचं काम कमी दर्जाचं आहे असं मला म्हणायचं नाही. ज्याला प्रॉडक्शनमध्येच जायचं आहे त्याच्यासाठी तो चांगला रस्ता आहे. पण तिथून लॅबमध्ये बदली मिळेल असं तोंडी आश्वासन देतात ते कंत्राटी माणसाच्या बाबतीत फार क्वचित खरं होतं, कारण तो मुळात त्या कंपनीचा माणूसच नसतो. त्याचा मालक कंत्राटदार.

कंत्राटी जागा घ्यायचीच असेल तर घ्यावी. पण पगाराची स्लिप दर महिन्याला मिळते का, पीएफचा यूएएन नंबर उघडला का, महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना लागू होणारं ईएसआय कापतात आणि कार्ड देतात का, आणि सोडताना मिळणाऱ्या पत्रावर डिपार्टमेंटचं नाव लिहून देणार का, हे आधी विचारावं. शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं की समजावं, या वर्षाचा पुरावा आपल्या हातात राहणार नाही. तिसऱ्या लॅबला नकार दिला तो याच कारणाने. काम उत्तम होतं, पण कागद नव्हता.

अप्रेंटिसशिपबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. ही आयटीआयच्या मुलांसाठी असते असं बरेच जण समजतात. तसं नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली साध्या पदवीधरांनाही घेता येतं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तर आपल्या एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के एवढे अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे ज्या कंपनीत "सध्या व्हेकन्सी नाही" असं सांगतात तिथेही अप्रेंटिसची जागा असू शकते. म्हणून एचआरला प्रश्न दोन वेगवेगळे विचारावेत. नोकरी आहे का, आणि ग्रॅज्युएट अप्रेंटिस घेता का. पहिल्याला नाही म्हणणारे दुसऱ्याला थांबून उत्तर देतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नोंदणी nats.education.gov.in या पोर्टलवर होते. आधार, आधारला जोडलेला मोबाइल नंबर, पदवीची किंवा प्रोव्हिजनल गुणपत्रिका आणि बँक खातं लागतं. इथे दोन गोष्टी हमखास अडकतात. एक म्हणजे नाव. आमच्याकडे गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मध्ये असतं, आधारवर नसतं, किंवा आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं असतं. हे शेवटच्या सेमिस्टरच्या आधीच सारखं करून घ्यावं, नंतर महिने जातात. दुसरं, खातं आधारशी जोडलेलं असणं. किमान विद्यावेतनातला अर्धा भाग केंद्र सरकार देतं आणि तो थेट खात्यात येतो. जोडणी नसेल तर कंपनीचा हिस्सा येतो आणि सरकारचा अडकून राहतो. 2019 च्या नियमांत पदवीधरासाठी किमान 9,000 रुपये ठरले होते. 2025 मध्ये ही रक्कम वाढवण्याची शिफारस झाली, त्यामुळे रुजू होताना चालू आकडा पोर्टलवर बघूनच होकार द्यावा. कंपनी किमानपेक्षा जास्त देऊ शकते, आणि काही देतात.

नोंदणी केली म्हणजे अप्रेंटिस झालो असं नाही. कंपनी निवडते, मग पोर्टलवर करार तयार होतो, तो आपल्या लॉगिनमध्ये दिसतो, आणि पश्चिम विभागासाठी मुंबईचं प्रशिक्षण मंडळ त्यावर देखरेख ठेवतं. काही ठिकाणी मुलींना "ट्रेनी" म्हणून घेतात, विद्यावेतन रोख देतात आणि करार कुठेच नसतो. ती अप्रेंटिसशिप नव्हे. वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळणार नाही. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात "माझा करार पोर्टलवर कधी दिसेल?" असं नम्रपणे विचारावं आणि उत्तराची तारीख लिहून ठेवावी.

तोटेही सांगितले पाहिजेत. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे पीएफ, ईएसआय नाही. वर्ष संपल्यावर कंपनीने ठेवून घ्यायलाच हवं असं बंधन नाही. शिवाय ही संधी सहसा एकदाच मिळते. आधी अप्रेंटिसशिप झाली असेल किंवा वर्षभराचा अनुभव असेल तर पुन्हा घेता येत नाही. म्हणून ती पॅकिंगमध्ये किंवा ऑफिसात फाइली लावण्यात खर्च करू नये. कुठल्या विभागात ठेवणार ते आधी लेखी मागावं. निदान ईमेलवर तरी.

भाची कुंडईला रुजू झाली. पहिले दोन महिने काचसामान धुणं, नमुने आणणं, बाटल्यांना लेबल लावणं. ती वैतागली. मला फोन करून म्हणाली, "मावशी, हेच करायचं तर बीएस्सी कशाला?"

मी म्हटलं, "धुण्याची एसओपी वाचलीस? ट्रेनिंग रेकॉर्डवर सही केलीस?"

औषधाच्या लॅबमध्ये कोणालाही कोणतीही चाचणी सहज करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आधी त्या चाचणीची एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी कार्यपद्धती, वाचून रेकॉर्डवर सही करावी लागते. मग अॅनालिस्ट क्वालिफिकेशन होतं, म्हणजे आधीच तपासलेला नमुना नव्या माणसाला देतात आणि त्याचा निकाल जुन्या निकालाशी ठरलेल्या मर्यादेत जुळतो का बघतात. जुळला तरच त्या चाचणीखाली त्याची सही चालते. तेव्हा दोन महिने काच धुतली याची तक्रार करण्यापेक्षा सेक्शन हेडकडे जाऊन विचारायचं, "सर, माझं पीएच आणि कार्ल फिशरचं क्वालिफिकेशन या महिन्यात होईल का?" हा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं, या मुलीला लॅबची पद्धत समजते. कार्ल फिशर म्हणजे नमुन्यातलं पाणी मोजायची चाचणी. रोज कितीतरी नमुने असतात आणि जुन्यांना ती करायचा कंटाळा आलेला असतो. नव्याने शिरायला ती चांगली जागा. तिथून डिसोल्युशन, मग यूव्ही, आणि विश्वास बसला की एचपीएलसी. तिला एचपीएलसी वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत मिळालं. चार महिने झाले तरी एकाही चाचणीचं क्वालिफिकेशन झालं नसेल आणि विचारूनही तारीख मिळत नसेल, तर मात्र आपल्याला शिकवण्यासाठी नव्हे, स्वस्तातला हात म्हणून घेतलं आहे असं समजावं आणि दुसरीकडे अर्ज सुरू करावेत.

वर्ष संपलं तेव्हा तिथे जागा नव्हती. तिला वाईट वाटलं, घरातल्यांना जास्त. पण त्या वेळी तिच्याकडे अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र होतं, विभागाचं नाव असलेलं पत्र होतं, आणि ज्या चाचण्यांत ती क्वालिफाय झाली त्यांची स्वतः ठेवलेली यादी होती. यादीत कंपनीच्या उत्पादनाचं नाव किंवा आकडा एकही नव्हता, फक्त चाचणीचं नाव आणि उपकरणाचा प्रकार. हे मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण जुन्या कंपनीची माहिती घेऊन फिरणाऱ्याला कोणी घेत नाही. दिवाळीनंतरच्या वॉक-इनमध्ये तिला पिळर्ण्याच्या बाजूला ऑन-रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पटावरची, जागा मिळाली. आता म्हापशाला दोघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते.

रुजू होताना तिथे मूळ प्रमाणपत्रं मागितली गेली. पडताळणीसाठी दाखवावीत, त्यांनी बघून परत द्यावीत. ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नयेत. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडल्यास किती रक्कम, हे सही करण्याआधी वाचावं. आणि निवडीसाठी, गणवेशासाठी, "सिक्युरिटी डिपॉझिट" म्हणून किंवा कन्सल्टंटची फी म्हणून फ्रेशरकडून पैसे मागणारा कोणीही असो, तिथेच विषय संपवावा. मोठ्या औषध कंपनीच्या नावाने व्हॉट्सअॅपवर ऑफर लेटर पाठवून दोन-तीन हजार उकळणारे आमच्या भागात फिरतात. पत्र आलं की त्या कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या नंबरवर फोन करून विचारावं, पत्रातल्या नंबरवर नव्हे.

भाचीच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी आता एक काम सुरू केलं आहे, ते इतर कॉलेजांनीही करावं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी विभागाच्या जुन्या मुलांची यादी प्लांटनुसार लावली: कोण कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या वर्षीचं. या मुलांपैकी कोणाच्या लॅबमध्ये राजीनामा पडला की ते त्याच संध्याकाळी बाईंना कळवतात. बाई त्या चाचण्यांना जवळ जाणारं ज्यांचं प्रोजेक्ट आहे अशा दोघा-तिघांची नावं देतात, सगळ्या वर्गाची नाही. गेल्या खेपेला आमच्याच लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीची एक जागा झाली. वॉक-इनची जाहिरात निघायच्या आधी केप्याकडच्या एका मुलीचा अर्ज आमच्या एचआरकडे आलेला होता, प्रोजेक्टच्या तीन नेमक्या ओळींसकट. तिची मुलाखत मीच घेतली.